जीभ जड होते तिथेच बोल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा मालवणच्या जेटीवर तू म्हणालास, "काका, तिला आय लव्ह यू दिवसातून दहादा म्हणतो, पण मालवणीत म्हणायला गेलो की घसा सुकतो. मग माझं प्रेम खोटं काय?" त्या रात्री मला झोप आली नाही.

खोटं नाही रे. बोस्टनमध्ये एक प्रयोग झाला होता, २००३ साली तो छापून आला. मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी मोठेपणी शिकलेल्या माणसांच्या बोटांना तारा लावून दोन्ही भाषांतले शब्द त्यांच्यापुढे ठेवले, आणि कातडीवर घाम किती येतो ते मोजलं. लहानपणी आईबाप रागावताना म्हणतात तशी वाक्यं तुर्कीत आली की घाम जास्त. तीच इंग्रजीत आली की कमी. कारण साधं आहे. आईची हाक, धपाटा, तापात कपाळावरचा हात, हे सगळं ज्या भाषेत झालं तिचे शब्द अंगात मुरतात. इंग्रजी तू बाकावर बसून, मार्कांसाठी शिकलास.

म्हणून म्हणतो, जीभ जड होते तिथेच बोल.

पण तुझी एक चूक सांगतो. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे पुस्तकी वाक्य तुझ्या घरात कुणी कधी उच्चारलंय? तीही तुझी मातृभाषा नव्हे. आजीच्या तोंडची भाषा घे. "माझो तुझ्यार जीव आसा." एवढंच. हे म्हणताना घसा सुकेल, सुकू दे.

इंग्रजी कायम हलकीच राहते असंही नाही. त्याच भाषेत संसार केला, भांडणं केली, तर तीही जड होते; वर्षानुवर्षं दुसऱ्या भाषेत राहिलेल्या काहींना तिचेही शब्द मनाला तितकेच लागतात. तुम्ही दोघं मात्र भांडता मालवणीत, आणि प्रेम तेवढं इंग्रजीत करता. हे मला पटत नाही.

तुझी काकू मागच्या पडवीत आदाळ्यावर बांगडे साफ करत होती. हाताला खवले चिकटलेले, केस मनगटाने मागे सारत होती. मी दारात उभा, शब्द ओठांवर आलेला. आणि म्हणालो काय? "आज तिखला कर." मुंबईहून पत्रांत मात्र इंग्रजीत 'विथ लव्ह' लिहायचो. आमच्या वेळी कुणी बोलत नसे, मी तिला कधी काही कमी पडू दिलं नाही, हेही खरं. पण आता ती नाही, आणि तो शब्द अजून ओठांवरच आहे.

तेव्हा पुन्हा सांगतो, जीभ जड होते तिथेच बोल. फोनवर नको, समोर बसून. ती काय म्हणाली ते मला सांगू नकोस. बोललास, एवढंच कळव.

तुझा काका