'मूड जाणे' आणि 'एपिसोड येणे' : एपिसोडला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : "आमच्या कार्यालयातील एक सहकारी सकाळी हसतखेळत असते आणि दुपारी कुणाशी बोलत नाही. ती स्वतःच 'मी थोडी बायपोलर आहे' असे म्हणते. 'बायपोलर'साठी मराठीत 'लहरी' हा शब्द चालेल का? डॉक्टर ज्याला 'एपिसोड' म्हणतात तो म्हणजे मूड स्विंगच का? त्यालाही मराठी शब्द सुचवावा."

'लहरी' चालणार नाही. 'लहरी' हे स्वभावाचे विशेषण आहे आणि बायपोलर हे आजाराचे नाव आहे. लहरी माणूस आज लहरी असतो, गेल्या वर्षीही होता आणि त्याला ओळखणाऱ्या कुणालाही त्याचे नवल वाटत नाही. बायपोलर आजारात मात्र घरच्यांच्या तोंडी पहिले वाक्य बहुधा असे येते, "हा असा कधीच नव्हता." माणूस त्याच्या नेहमीच्या स्वभावापासून ठळकपणे दूर जातो, कधी उन्मादाकडे म्हणजे अवाजवी उत्साहाकडे तर कधी नैराश्याकडे, दिवसेंदिवस किंवा महिनोन्‌महिने तिथेच राहतो आणि मग पुष्कळदा पूर्ववत होतो. या दूर जाऊन राहण्याच्या अवधीला डॉक्टर एपिसोड म्हणतात. म्हणून तुमच्या तीन प्रश्नांपैकी एपिसोडचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो शब्द नीट लागला की बाकीचे आपोआप सुटते.

आधी 'मूड' पाहू. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याला आपण आपली क्रियापदेही दिली आहेत. मूड येतो, लागतो, जातो, बिघडतो. या प्रत्येक क्रियापदात थोडा वेळ टिकणे गृहीत आहे, आणि बहुतेक वेळा कारणही. "मूड का गेला?" असे विचारले की उत्तर मिळते: साहेब बोलले, फोन आला नाही, डोके दुखत होते. कारण दूर झाले, एखादी चांगली बातमी आली किंवा रात्रभर झोप झाली की मूड परत येतो. तुमच्या सहकारी सकाळी आनंदी आणि दुपारी गप्प असतात, हे वर्णन या क्रियापदांत सहज बसते. त्यामागे थकवा असेल, चिंता असेल, घरचे काही असेल. एवढ्या माहितीवरून त्यांच्याविषयी काहीच ठरवता येत नाही, आणि ते ठरवणे आपले कामही नाही. मात्र केवळ एका दिवसातील चढउताराला मूड स्विंग म्हणता येईल, एपिसोड म्हणता येणार नाही.

कारण एपिसोडला किमान मुदत असते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार उन्मादाची अवस्था किमान 1 आठवडा, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ टिकलेली असावी लागते. रुग्णालयात दाखल करावे लागले तर मात्र मुदतीची अट उरत नाही. सौम्य उन्मादासाठी ही मर्यादा सलग 4 दिवसांची आहे आणि नैराश्यासाठी 2 आठवड्यांची. या रेषा तज्ज्ञांनी आपसांतल्या सहमतीने आखलेल्या आहेत. सहाव्या दिवशी माणूस निरोगी आणि सातव्या दिवशी आजारी असे निसर्गात घडत नाही, पण आजाराचे माप तासांत नसून दिवसांत आणि आठवड्यांत आहे, हे त्यांवरून स्पष्ट होते. ज्यांचे एपिसोड फार लवकर लवकर येतात अशा रुग्णांसाठी वैद्यकात वेगळी संज्ञा आहे, आणि तिची अट आहे वर्षात 4 किंवा अधिक एपिसोड. 'लवकर लवकर' म्हणजे वर्षात चारदा, हे कळले की दिवसात चारदा बदलणाऱ्या मनाला 'बायपोलर' हा शब्द लावणे किती चुकीचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता 'उन्माद' या शब्दाकडे वळतो. वृत्तपत्री मराठीने त्याला विजयोन्माद, धर्मोन्माद असे गर्दीचे रूप दिले आहे, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे आरडाओरडा आणि तोडफोड येते. वैद्यकातला उन्माद पुष्कळदा त्याहून शांतपणे, अगदी आकर्षक रूपात सुरू होतो. चरकसंहितेत उन्मादाची व्याख्या करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम असे म्हटले आहे. तो उन्माद आजच्या संज्ञेशी तंतोतंत जुळत नाही, कारण त्यात इतरही अनेक आजार येतात. पण केवळ भावना न पाहता चेष्टा म्हणजे हालचाल, भक्ती म्हणजे आवड आणि शीलही पाहायचे, ही त्यातली दृष्टी आजही उपयोगी आहे. आजच्या निकषांतही केवळ 'खूप आनंदी' किंवा 'खूप चिडका' असणे पुरेसे नाही, त्याच्या जोडीला शक्ती आणि हालचाल वाढलेली असावी लागते.

एक उदाहरण रचून सांगतो. मितभाषी, हिशेबी म्हणून ओळखला जाणारा 26 वर्षांचा एक तरुण आहे. पहिल्या दोन दिवसांत तो रात्री 3 तास झोपतो आणि पहाटे ताजातवाना उठून घर आवरायला घेतो. चिंतेमुळे ज्याची झोप उडते तो सकाळी गळून गेलेला असतो. याला मात्र झोप नको आहे. 'झोप येत नाही' आणि 'झोपेची गरजच वाटत नाही' या दोन वाक्यांतला फरक हा उन्मादाच्या सर्वांत भरवशाच्या खुणांपैकी एक आहे. चौथ्या दिवशी तो तीन नवे व्यवसाय योजतो, अनोळखी लोकांना फोन करतो. सहाव्या दिवशी साठवलेले पैसे काढून एका योजनेत घालतो, आणि वडिलांनी अडवताच त्याचा आनंद क्षणात संतापात बदलतो. आठव्या दिवशी तो सांगतो, की आपल्याला एक विशेष कार्य नेमून दिलेले आहे. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला कारण देता येईल: उत्साह, महत्त्वाकांक्षा, तरुण वय. त्या सगळ्या अवघ्या आठ दिवसांत, एकत्र आणि त्याच्या मूळ स्वभावाच्या विरुद्ध आल्या, हे ओळखीचे खरे लक्षण.

भाषेची आवड असणाऱ्यांनी या अवस्थेतले बोलणे लक्षपूर्वक ऐकावे, कारण आजार तिथे कानांना जाणवतो. बोलण्याला एक रेटा येतो, मध्ये थांबवू म्हटले तरी थांबवता येत नाही. विचार एकावरून दुसऱ्यावर उड्या घेतात. दुवे असतात, पण ते अर्थाचे राहत नाहीत, कधी कधी नुसत्या नादाचे होतात. नमुन्यादाखल मी असे वाक्य रचेन: "नाव विचारता? नाव पाण्यात, पाणी डोळ्यांत, डोळे उघडे, उघडं दार, दरबार माझा, बारा वाजले." 'नाव' शब्दाच्या दोन अर्थांवरून पाण्याकडे, 'दार'वरून 'दरबारा'कडे आणि 'दरबारा'तल्या 'बार'वरून बाराकडे मन घसरत जाते. कवीही नादाच्या मागे जातो, पण त्याला मूळ विषयाकडे परतता येते आणि या माणसाला त्या घडीला परतता येत नाही.

नैराश्याच्या बाबतीत शब्दांची चूक उलट दिशेने होते. उन्मादाला आपण फार मोठे समजतो आणि नैराश्याला फार लहान. परीक्षेत कमी गुण पडले की 'नैराश्य आले' असे आपण लिहितो, त्याच शब्दाने आजारही सांगतो. 'उदासीनता' तर मुळीच वापरू नये, कारण उदासीन म्हणजे तटस्थ, बेपर्वा. आणि नैराश्यातला माणूस तटस्थ नसतो, स्वतःला अखंड दोष देत असतो. काही लेखक हिंदीतून आलेला 'अवसाद' वापरतात, पण माझ्या कानाला 'नैराश्याचा आजार' असे दोन शब्द अधिक स्वच्छ वाटतात. रुग्ण स्वतः तर यातला एकही शब्द वापरत नाहीत. "कशातच मन लागत नाही", "अंगात त्राण नाही", "तोंडाला चव नाही", "पहाटेच जाग येते आणि दिवस अंगावर येतो" अशी त्यांची वाक्ये असतात. आपल्याच उदाहरणातला तरुण उन्माद ओसरल्यावर काही आठवड्यांनी असे बोलू लागतो. उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो, आवडीचे गाणे लावले तरी आत काही हलत नाही, उडवलेल्या पैशांची लाज त्याला सोडत नाही. अशा वेळी "मी नसतो तर बरे झाले असते" हे वाक्य कानावर आले तर ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नये. मरणाचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत खरी नाही.

इथे निदानातली एक मोठी अडचण येते. नैराश्यात माणूस स्वतः किंवा घरच्यांच्या आग्रहाने डॉक्टरांकडे जातो, पण सौम्य उन्मादाचे दिवस त्याला आयुष्यातले उत्तम दिवस वाटलेले असतात, म्हणून तो ते सांगत नाही. केवळ नैराश्य समजून नैराश्यविरोधी गोळ्या तेवढ्या दिल्या गेल्या, तर काही रुग्णांत त्यांनीच उन्माद उसळतो. म्हणून अनुभवी डॉक्टर घरच्यांना विचारतात, "झोप फार कमी झाली तरी थकवा नव्हता, असे काही दिवस याआधी कधी आले होते का?" थायरॉइडची अतिक्रियता, स्टेरॉइड औषधे आणि अमली पदार्थ यांनीही उन्मादासारखे चित्र दिसू शकते, त्यामुळे त्यांचाही विचार करावा लागतो.

'बायपोलर' म्हणजे 'द्विध्रुवीय' या नावाबद्दल थोडेसे. 1854 मध्ये फ्रेंच वैद्य फालरे यांनी या आजाराला 'चक्राकार वेड' असे नाव दिले होते. एकध्रुवीय आणि द्विध्रुवीय ही विभागणी 1957 मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ लिओनहार्ड यांनी मांडली, आणि 1980 पासून बायपोलर हे नाव अमेरिकी निदानपुस्तिकेत रूढ झाले. ध्रुव म्हटले की दोन टोके एकमेकांपासून कायम दूर, असे वाटते. प्रत्यक्षात दोन्हींची लक्षणे एकाच वेळी असू शकतात: मन काळवंडलेले आणि अंगात थांबू न देणारी शक्ती. ही मिश्र अवस्था विशेष धोक्याची मानली जाते.

राहिला 'एपिसोड'. मराठी वाचकाला तो मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग वाटतो. 'झटका' म्हटले की आकडी किंवा हृदयविकार आठवतो, म्हणजे क्षणांचा मामला. 'पाळी' हा जुना शब्द ताप ठरावीक अंतराने येतो त्यासाठी छान होता, पण आज तो दुसऱ्याच अर्थाला बांधला गेला आहे. 'आवर्तन' फालरे यांच्या चक्राशी जुळते, पण त्यात पुन्हा येणे गृहीत आहे आणि पहिला एपिसोड पुन्हा आलेला नसतो. उन्मादाचा एकच एपिसोड आला तरी बायपोलरच्या पहिल्या प्रकाराचे निदान होऊ शकते. म्हणून मी पहिल्या वेळेसाठी 'उन्मादाचा कालखंड' किंवा 'नैराश्याचा कालखंड' म्हणेन, आणि ते पुन्हा पुन्हा येतात हे सांगायचे असेल तेव्हा 'आवर्तने'. 'कालखंड' थोडा इतिहासाच्या पुस्तकातला वाटतो हे मान्य, पण मुदतीची जी गोष्ट 'मूड'मध्ये नाही ती त्याच्या पहिल्या दोन अक्षरांतच आहे.

आणि वाक्यरचनेविषयी : मराठीत आजार चतुर्थी विभक्तीने सांगतात. मला ताप आहे, तिला दमा आहे, त्याला मधुमेह आहे. तसेच 'त्याला बायपोलर आजार आहे' असे लिहावे. तुमच्या सहकाऱ्यांना जे म्हणायचे आहे त्यासाठी 'माझा मूड पटकन जातो' हे वाक्य पुरेसे आहे.