नोटीस घरी जाते का?

“मी हिंदू, तो मुसलमान. दोघंही नोकरी करतो, दोघंही सज्ञान आहोत. धर्म कुणालाच बदलायचा नाही. रजिस्टर लग्न करायचं म्हटलं तर महिनाभर नोटीस लागते म्हणे. ती नोटीस माझ्या घरी जाईल का? घरच्यांनी हरकत घेतली तर लग्न थांबेल का? दुसऱ्या शहरात जाऊन गुपचूप करता येईल का?”

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. चार वर्षांपूर्वी मेघना आणि आरिफ माझ्याकडे आले (नावं बदलली आहेत), तेव्हा त्यांनी उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. मेघना पुण्यात तीन वर्षं नोकरीला. तिचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात, वडील निवृत्त शिक्षक. आरिफ मूळचा पुण्याचाच. ठाण्यातल्या मित्राच्या फ्लॅटचा भाडेकरार करायचा, तिथे राहतो असं दाखवून नोटीस द्यायची आणि पुण्यात कुणाला कळायच्या आत लग्न उरकायचं, असा त्यांचा बेत होता.

मी तो बेत मोडला. तत्त्वाखातर नव्हे, तर त्यातून काहीच साधत नव्हतं म्हणून. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे नोटीस अशा जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे द्यावी लागते, जिथे दोघांपैकी किमान एक जण नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस राहत आहे. दोघंही राहायला हवेत असा गैरसमज फार पसरलेला आहे. पुण्यात आरिफ जन्मापासून राहत होता, त्यामुळे पुणे सरळ चालत होतं. ठाण्याचा खोटा पत्ता दिला असता, तर धडधाकट प्रकरणात आपल्याच हाताने एक भोक पाडल्यासारखं झालं असतं. शिवाय लग्नाच्या दिवशी सही करायच्या प्रतिज्ञापनात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे.

मेघनाला मुख्य धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. नोटीस कार्यालयात दिसेल अशा ठिकाणी लावतात, हे तिला माहीत होतं. पण दोघांपैकी एखाद्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. तिच्या आधारवर गावाचा पत्ता होता. म्हणजे ठाणे काय, पुणे काय, प्रत तिच्या जिल्ह्यात जाणारच होती. घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवावी असं मात्र कायद्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तिथल्या कार्यालयांना घरी नोटिसा पाठवणं बंद करायला सांगितलं, तेही याच कारणाने. तेव्हा घरी पोस्टमन येणार नाही. पण गावाकडचा कुणी ओळखीचा जमिनीच्या कामासाठी सरकारी कचेरीत गेला आणि सहज फलकाकडे वळून पाहिलं, की झालं.

(अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही, हे जोडप्याने ठरवावं. तो निकाल उत्तर प्रदेशातला. त्याची बातमी मोबाइलवर दाखवून ‘आमची नोटीस लावू नका’ असं म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत. महाराष्ट्रातल्या कार्यालयात त्यावर विसंबू नये.)

म्हणून मी दोघांना एकच म्हटलं. बातमी घरी पोचणार आहे, हे धरून चाला. ती फलकावरून पोचायची की तुमच्या तोंडून, एवढंच तुमच्या हातात आहे. मेघनाने सांगायचं टाळलं. तिला दोष देत नाही. घरच्या मंडळींचा स्वभाव तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

कागद जमवण्यात आठवडा गेला. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला, दोघांच्या पत्त्याचे पुरावे, फोटो, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला लागतो, तो इथे नको होता. मेघनाचा मूळ दाखला गावच्या घरातल्या कपाटात होता. तो आणायला ती जाणार होती. मी तिला थांबवलं आणि शाळेतून दुय्यम प्रत काढायला सांगितली. कागद आणायला म्हणून घरी गेलेली आणि मग महिनाभर फोनच बंद असलेली मुलगी मी एकदा नव्हे, तीनदा पाहिली आहे. नोटीस दिल्यापासून लग्न लागेपर्यंत मूळ कागद घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवावेत.

३ जूनला नोटीस दिली, त्याच दिवशी फलकावर लागली. तेवीस दिवस काही नाही. २६ जूनला मेघनाच्या मामांचा फोन आला आणि २८ तारखेला मामा स्वतः कार्यालयात हजर झाले. हातात अर्ज, त्याखाली गावातल्या सात जणांच्या सह्या.

हरकत ३० दिवसांच्या आत कुणीही घेऊ शकतं. ‘कुणीही’ म्हणजे खरोखरच कुणीही, नातं लागत नाही. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात अन्यायकारक गोष्ट हीच आहे. दुसऱ्या कायद्याने लग्न करणाऱ्या दोन हिंदूंना असा महिनाभर चारचौघांपुढे उभं राहावं लागत नाही. पण हरकत कोण घेऊ शकतो यावर मर्यादा नसली, तरी कशाबद्दल घेता येते यावर आहे, आणि ती कडक आहे. चारच कारणं चालतात. दोघांपैकी एकाचा जोडीदार हयात आहे. एखादा मानसिक स्थितीमुळे संमती द्यायला किंवा विवाहाला कायद्याने असमर्थ आहे. मुलाचं वय २१ किंवा मुलीचं १८ पूर्ण नाही. दोघं निषिद्ध नात्यातले आहेत. बस्स.

मामांच्या अर्जात तीन मुद्दे होते. मुलीला फूस लावली आहे. आई-वडिलांची परवानगी नाही आणि समाजात तेढ निर्माण होईल. मुलाचं लग्न आधीच झालेलं आहे. विवाह अधिकाऱ्यांनी अर्ज वाचून पहिले दोन मुद्दे कायद्यात बसत नाहीत, असं मामांना तिथेच सांगितलं. परवानगीचा रकानाच या कायद्यात नाही. तिसरा मुद्दा मात्र बसत होता. तो नोटीस वहीत नोंदवला, मामांना वाचून दाखवला, त्यांची सही घेतली. आता चौकशी होईपर्यंत लग्न लागणार नव्हतं.

आरिफ त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून हसला. “ताई, आमच्यात चार चालतात असं मामांना वाटत असेल.” मी त्याला हसू दिलं नाही. या कायद्याने लग्न करताना तुमच्या धर्मात काय चालतं, हा प्रश्नच उरत नाही. आधीची पत्नी हयात असेल आणि तलाक झालेला नसेल, तर लग्न होत नाही. आरोप खरा असता तर मामाच बरोबर ठरले असते.

खरं काय, ते आरिफने मग सांगितलं. २०१९ मध्ये त्याची मंगनी झाली होती, हॉलमध्ये, फोटोंसकट. चार महिन्यांत ती मोडली. मेघनाला हे माहीत होतं, मला नव्हतं. पहिल्या भेटीतच मी ‘आधी काही झालंय का’ असं विचारलं होतं, आणि मंगनी म्हणजे ‘काही’ नव्हे असं त्याने ठरवलं होतं! समुपदेशकाला तरी पूर्ण सांगावं.

चौकशीला हरकत नोंदल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवस असतात. त्या कामापुरते विवाह अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार मिळतात. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, शपथेवर जबाब घेणं. मामांनी मंगनीचे फोटो हजर केले. अधिकाऱ्यांनी निकाहनामा विचारला. निकाह कुठल्या तारखेला, कुणी लावला, साक्षीदार कोण, हे विचारलं. मामांकडे उत्तर नव्हतं. आरिफच्या थोरल्या भावाने मंगनी मोडल्याचा जबाब दिला. १९ जुलैला हरकत फेटाळली गेली. हरकत बिनबुडाची आणि वाईट हेतूने घेतलेली असेल, तर हरकतदारावर १,००० रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. मामांवर बसवला नाही. त्यांनी फोटो पाहून खरंच निकाह समजला असावा. हरकत मान्य झाली असती, तर आरिफ-मेघनाला ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता आलं असतं.

या सगळ्यात मी ज्या गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होते, ती म्हणजे कॅलेंडर. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. चौकशीत गेलेले दिवस त्यातून वजा होत नाहीत. महिनाभर नोटीस, महिनाभर चौकशी, हाती उरतो जेमतेम एक महिना. अपील झालं, तरच निकालापासून नवे तीन महिने मिळतात. आमची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला संपत होती. “हरकत फेटाळली, आता दिवाळीत निवांत करू” असं आरिफची आई म्हणाली, तेव्हा त्यांना हे बोटांवर मोजून दाखवावं लागलं.

मधल्या काळात मेघनाच्या वडिलांना मी दोनदा भेटले. पहिल्या वेळी ते बोललेच नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, तिला नाव बदलावं लागेल का, कलमा पढावा लागेल का. नाही, म्हटलं. ती हिंदू राहील, तो मुसलमान राहील. याच कारणाने ही पोरं महिनाभर ताटकळली. धर्मांतर करून दोन दिवसांत लग्न लावून देणारे एजंट त्यांनाही भेटले होते. वडिलांनी मग हळूच वाटणीचा प्रश्न काढला. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने परधर्मीयाशी या कायद्याने लग्न केलं, तर तो कायद्याच्या दृष्टीने कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. कुणीतरी त्यांना ‘विभक्त म्हणजे हिस्सा गेला’ असं सांगितलं होतं. तसं नाही. हिस्सा वेगळा होतो, बुडत नाही.

२४ जुलैला लग्न लागलं. तीन साक्षीदार लागतात. दोन आरिफचे मित्र, तिसरी मेघनाची आत्या, आधार कार्ड रुमालात गुंडाळून आलेली. वडील आले नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दुसऱ्या शहराचा नाद सोडा. तुमच्या दोघांच्या कागदांवर कायमचा पत्ता म्हणून कुठला जिल्हा आहे, ते आधी बघा, नोटिशीची प्रत तिथे जाईल. घरी कळल्यावर कोंडून ठेवतील किंवा मारहाण होईल अशी भीती असेल, तर नोटीस देण्याआधीच पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले आहेत. आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची एकच आहे ना, हे आजच ताडून पाहा. फरक निघाला तर तो दुरुस्त झाल्यावरच नोटीस द्या, कारण तीन महिने मोजायला सुरुवात त्याच दिवसापासून होते.