प्रोपीनपासून 2-मिथिलपेंटन-3-ऑल कसे बनवायचे?

प्रश्न: कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कार्बनचा स्रोत फक्त प्रोपीन, आणि बनवायचंय 2-मिथिलपेंटन-3-ऑल. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात प्रोपीनपासून करूच नका, शेवटून मागे या. OH असलेल्या कार्बनशेजारचा, फांदीच्या बाजूचा बंध तोडून बघा. एका बाजूला आयसोप्रोपिल, दुसरीकडे प्रोपॅनाल. दोन्ही तीन-तीन कार्बनचे, म्हणजे दोन्ही प्रोपीनमधूनच येणार.

आता प्रोपीनचे दोन वाटे करा. एकावर HBr घाला, 2-ब्रोमोप्रोपेन मिळेल. पेरॉक्साइड असेल तर ब्रोमीन टोकाला जातो आणि शेवटी हेक्झन-3-ऑल हाती येतं, तेव्हा तो टाळायचाच. मग कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियम घालून ग्रिन्यार बनवा.

दुसऱ्या वाट्यावर BH₃, नंतर H₂O₂ आणि NaOH. इथे OH टोकाला बसतो, म्हणजे प्रोपन-1-ऑल. त्याचं ऑक्सिडेशन पीसीसीने करा. पेपरात सर्वांत जास्त मुलं इथेच घसरतात: आम्लयुक्त डायक्रोमेट लिहिलं की गाडी थेट प्रोपॅनोइक आम्लापर्यंत जाते, आणि आम्लाचा प्रोटॉन ग्रिन्यारला मारून प्रोपेन वायू बनवतो. उरलेलं अल्कोहोलही तेच करतं, म्हणून अल्डिहाइड शुद्ध आणि कोरडं हवं.

शेवटी ग्रिन्यारमध्ये प्रोपॅनाल थेंबाथेंबाने सोडा, मग अमोनियम क्लोराइडचं द्रावण घाला.

प्रयोगशाळेत करणार असाल तर कोल्हापूरचा जुलै टाळलेला बरा. काचसामान ओव्हनमध्ये तापवून घ्या. मॅग्नेशियम नुसतं पडून राहिलं, ईथर आपोआप उकळेना, तर आयोडीनचा एक खडा टाका. त्याचा रंग उडाला की समजा, सुरू झालं.