लेहमधली न शिजणारी डाळ

प्रश्न: लेहला पाणी पटकन उकळलं, पण पातेल्यातली तूरडाळ तासभर ठेवूनही कडकच. असं का?

पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. लेह साधारण 3500 मीटरवर आहे. तिथे डोक्यावर हवा कमी, दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश, म्हणून पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं.

डाळ शिजते ती तापमानावर, बुडबुड्यांवर नाही. गॅस मोठा केलात तरी पाणी 88च्या वर जात नाही, नुसतं लवकर आटतं. मग तुम्ही पाणी घालत बसता आणि डाळ वरून फुटते, आत कणी तशीच!

उपाय कुकर. त्याची शिट्टी आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण, म्हणजे मुंबईतल्या हवेच्या दाबाइतका, जास्त ठेवते. मुंबईत त्यामुळे आत 120 अंश मिळतात, लेहमध्ये 115च्या आसपास. म्हणून डाळ आधी तासभर भिजवा आणि घरच्यापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. राजमा मात्र रात्रभर भिजवल्याशिवाय चढवूच नका.

भाजणं या भानगडीत फारसं येत नाही. तव्यावरची पोळी तिथेही नेहमीसारखीच भाजते.