स्वल्पविरामानंतर कोण येतंय ते बघ

‘दादा, मी बेळगावला उद्यमबागेत सीएनसी मशीनवर आहे, आयर्लंडला अर्ज करतोय. माझं पत्र वाचून एकजण म्हणाला, तुझ्या वाक्यांची सुरुवात लोंबकळतेय. स्पेलिंग तर सगळी बरोबर आहेत. मग चुकलंय काय?’

तुझं हे वाक्य बघ: ‘हॅविंग मेन्टेन्ड द मशीन्स फॉर टू इयर्स, द मॅनेजर मेड मी शिफ्ट इन-चार्ज.’ इंग्रजीत अशा सुरुवातीच्या तुकड्याला स्वतःचा कर्ता नसतो. स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो, तोच त्यालाही लागतो. इथे तो मॅनेजर आहे. म्हणजे दोन वर्षं मशीन सांभाळली त्यानं आणि बढती मिळाली तुला! आयर्लंडमधल्या वाचणाऱ्याला उद्यमबागेत कोण काय करतं हे कुठून कळणार?

आपल्या कानाला हे खटकत नाही, कारण ‘डिप्लोमा करून मला नोकरी लागली’ हे मराठीत बिनचूक आहे. ‘नोकरी’ कर्ता असली तरी डिप्लोमा कुणी केला ते ‘मला’ सांगतं. कन्नडमध्येही ‘डिप्लोमा मुगिसि ननगे केलस सिक्कितु’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत मात्र ‘हॅविंग कम्प्लीटेड माय डिप्लोमा, अ जॉब वॉज ऑफर्ड टू मी’ लिहिलंस, की डिप्लोमा नोकरीनं केला.

दुसरं कारण म्हणजे प्रत्येक वाक्य ‘आय’नं सुरू करायचा संकोच. तो टाळायला लोक ‘माय’ घालतात आणि तिथंच फसतात: ‘ॲज अ सीएनसी ऑपरेटर, माय ड्यूटीज इन्क्लूडेड टूल सेटिंग.’ ‘माय’ दिसलं की वाटतं, मी आलो वाक्यात. पण कर्ता ‘ड्यूटीज’ आहे, आणि ड्यूटीज काही ऑपरेटर नसतात. ही चूक अर्जांमध्ये सर्रास दिसते.

तपासायचं कसं? तुकडा वाचून ‘कोण?’ विचार. स्वल्पविरामानंतरचा कर्ता त्याचं उत्तर असायला हवा. नसेल, तर एकतर कर्ता बदल: ‘हॅविंग मेन्टेन्ड द मशीन्स फॉर टू इयर्स, आय वॉज मेड शिफ्ट इन-चार्ज.’ नाहीतर तुकड्यातच कर्ता घाल: ‘आफ्टर आय हॅड मेन्टेन्ड द मशीन्स फॉर टू इयर्स, द मॅनेजर मेड मी शिफ्ट इन-चार्ज.’ मला दुसरं जास्त आवडतं, बढती कुणी दिली तेही त्यात राहतं. आणि ‘आय’ फारच झाले वाटले, तर ‘माय ड्यूटीज ॲज अ सीएनसी ऑपरेटर इन्क्लूडेड टूल सेटिंग’ असं सरळ लिही. स्वल्पविरामच गेला, भांडण मिटलं.

‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’ यांना हा नियम लावत बसू नकोस, ते आता शब्दयोगी अव्ययांसारखेच वापरतात.

शेवटची ओळही बदल. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय, माय रेझ्युमे इज अटॅच्ड’ यात उत्तराची वाट तुझा रेझ्युमे बघतोय. त्याची दोन वाक्यं कर.