‘हुंडा नको, फक्त फ्लॅटचं तेवढं बघा’

*ताई, मी २७ वर्षांची, कोथरूडला राहते. साखरपुडा झालाय, लग्न दोन महिन्यांवर आहे. गेल्या रविवारी आमच्या घरी याद्यांची बैठक झाली. मुलाचे काका म्हणाले, ‘हुंडा नकोच आम्हाला. वाकडच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट १२ लाख तेवढं करा, राहणार तुमचीच मुलगी आहे.’ यादीच्या कागदावर त्यांनी ‘फ्लॅट - १२’ असं लिहिलंसुद्धा. रात्री मुलाच्या आईचा व्हॉइस मेसेज आला, बुकिंगची तारीख जवळ आलीये म्हणून. मुलगा म्हणतो, मोठ्यांचं आहे, मी काय बोलू? बाबा सात लाखांवर तोडगा काढायच्या बेतात आहेत. हा हुंडा होतो का? आणि लग्नाआधीच तक्रार करता येते का?*

दोन्हीचं उत्तर हो. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ नुसार लग्नाच्या संबंधात दिलेली किंवा द्यायचं ठरलेली कोणतीही मालमत्ता हुंडाच. त्याला डाउन पेमेंट म्हणा, मानपान म्हणा की ‘मुलीच्याच सोयीसाठी’ म्हणा. घर बांधायला मागितलेले पैसेही हुंड्यातच मोडतात, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. कलम ४ प्रमाणे नुसती मागणी हाच गुन्हा आहे, पैसे हातात पडायची गरज नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

लग्नाआधीच्या मागणीलाही हे लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये एस. गोपाल रेड्डी खटल्यात सांगितलं. त्या खटल्यात मात्र आरोपी सुटला. मागणीची म्हणून जी पत्रं पुढे आली, ती त्याच्याच हातची आहेत हे निःसंशय सिद्ध झालं नाही. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने आहे, पण सगळी मदार कागदावर आहे. म्हणून तो यादीचा कागद आधी सांभाळ. मूळ प्रत तुमच्याकडे असेल तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव. त्यावर खाडाखोड नको, नंतर सुचलेलं काही लिहायचं नाही. त्यांच्याकडे असेल आणि कोणी फोटो काढला असेल, तर तो फोटो ज्या फोनवर काढला तो फोन जप. ‘फ्लॅट - १२’ एवढ्यावरून एकट्याने काही सिद्ध होत नाही. अक्षर कोणाचं, तेव्हा तिथे कोण बसलं होतं आणि रात्रीचा मेसेज, हे तिन्ही जुळलं की त्याला अर्थ येतो. आजच एका कोऱ्या कागदावर बैठकीची तारीख, वेळ, हजर माणसांची नावं आणि काकांचे शब्द जसेच्या तसे लिहून काढ. मध्यस्थ आणि तुझे मामा-मावशी जे कोणी होते, त्यांनीही आपापलं वेगळं लिहावं. एकमेकांचं बघून लिहिलेले जबाब उलटतपासणीत उघडे पडतात.

व्हॉइस मेसेजचं एक पथ्य आहे: दुसऱ्याला फॉरवर्ड करून मूळ डिलीट करायचं नाही. त्या चॅटमध्ये ठरावीक काळाने मेसेज आपोआप पुसले जायचं सेटिंग चालू आहे का बघ, असेल तर बंद कर आणि बॅकअप घे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते तयार करायला वकील मदत करतो. तोवर फोन बदलू नको, रीसेट करू नको.

आता बाबांच्या सात लाखांबद्दल. मला इथेच सगळ्यात जास्त धोका दिसतो. ‘बाराऐवजी सात चालतील का’ असा एक मेसेज गेला, की उद्या समोरचा वकील म्हणेल, मागणी कसली, हे तर दोन्ही घरांनी राजीखुशीने ठरवलं. शिवाय कलम ३ प्रमाणे हुंडा देणं हाही गुन्हाच आहे. शिक्षा किमान पाच वर्षं कैद, आणि दंड किमान १५ हजार किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, जे जास्त असेल ते. पीडित व्यक्तीच्या स्वतःच्या जबाबावरून तिच्यावर खटला भरता येत नाही, असं कलम ७ मध्ये संरक्षण आहे. पण त्याच्या भरवशावर पैसे द्यायचे नसतात. आणि सातवर बोलणी मिटली तर पुढचा हप्ता कधी मागायचा, हे तेच ठरवणार.

फोनवर बोलणी करण्यापेक्षा बाबांनी मुलाच्या वडिलांना एकच मेसेज पाठवावा. साधारण असा: ‘रविवारी आमच्या घरी याद्यांच्या बैठकीत आपल्या भावाने वाकडच्या फ्लॅटसाठी १२ लाख रुपये देण्यास सांगितले. त्याच रात्री वहिनींचाही मेसेज आला. लग्नासाठी आम्ही कोणतीही रक्कम देणार नाही. याबाबत आपले म्हणणे कळवावे.’ यात धमकी नाही, टोमणा नाही, कायद्याचं कलमही नाही. त्यांनी ‘गैरसमज झाला, काही नको’ असं लिहिलं तर मागणी मागे घेतल्याची नोंद झाली. ‘मग लग्नाचं बघावं लागेल’ असं लिहिलं तर त्यांनीच पुरावा दिला. उत्तरच आलं नाही, तर निदान तुमचा नकार तारखेसह राहिला. मुलालाही स्वतंत्रपणे विचार, आणि उत्तर लेखी माग. ‘मोठ्यांचं आहे’ म्हणणारा माणूस लग्नानंतरही तेच म्हणतो, असं माझं मत.

तक्रार करायची ठरली तर ज्या घरात मागणी झाली, त्या हद्दीतल्या ठाण्यात जायचं. तुझ्या बाबतीत कोथरूड परिसरातलं. हद्दीचा प्रश्न काढला तर झिरो एफआयआर मागता येतो. तक्रार तू देऊ शकतेस, आई-वडीलही देऊ शकतात. काका आणि आई यांचे शब्द स्पष्ट आहेत, त्यांचीच नावं घाला. गप्प बसलेले वडील, आत्या, विवाहित बहीण असं सगळं घर गोवलं की कोर्ट मूळ आरोपाकडेही संशयाने बघतं. नोंद घेतली नाही, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस उपायुक्तांना पाठवायची, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

लगेच अटक होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नको. या कायद्याखाली पोलिसांना तपास करता येतो, पण वॉरंट किंवा मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय अटक करता येत नाही. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि आपसात मिटवता येत नाही. नंतर दोन्ही घरं एक झाली, तरी तो रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. ‘जरा घाबरवूया’ म्हणून तक्रार द्यायची नाही, ती याचसाठी. या गुन्ह्याच्या तक्रारीला कायद्याने मुदतीची मर्यादा नाही, तेव्हा दोन-चार दिवस विचार केलास तर बिघडत नाही.

मागणी मागे घेतली आणि लग्न झालंच, तर न मागता दिलेल्या भेटींची यादी कर. १९८५ च्या नियमांप्रमाणे वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून तुम्हा दोघांच्या सह्या हव्यात. तुझी यादी तुझ्याकडे राहते. दागिन्यांची बिलं तुझ्या नावावर आणि लॉकरही तुझ्याच नावावर घे. लग्न मोडलं, तर अंगठी, साड्या, दागिने परत देता-घेता दोघांकडच्या माणसांसमोर यादी करून सही घ्या.

वकिलाच्या फीची काळजी नको. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. जाताना यादीची झेरॉक्स, बैठकीचं टिपण आणि तो फोन बरोबर ने. बाबांचा मेसेज पाठवण्याआधी त्याचा मसुदाही त्या वकिलाला दाखव.