‘बघतो’ म्हणजे नक्की काय? इन्सिडन्ट चॅनलमधला पहिला मेसेज

प्रश्न: आमची टीम छोटी आहे, सगळे मराठी, त्यामुळे चॅनलवर मराठीतच लिहितो. परवा रात्री ऑनकॉल माझ्याकडे होता. मी पहिला मेसेज टाकला: ‘पेमेंट बंद आहे, SEV2 वाटतंय, कोणीतरी डेटाबेस बघा, मी पण बघतो.’ नंतर रिव्ह्यूमध्ये म्हणाले, मेसेजवरून काहीच कळलं नाही. मग मराठीत तो कसा लिहायचा? आणि ‘सिव्हिअरिटी’ला तीव्रता म्हणायचं की गांभीर्य?

उत्तर: तुमच्या मेसेजमध्ये चार क्रियापदं आहेत: आहे, वाटतंय, बघा, बघतो. घोळ या चारांत आहे. शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण ते खास आपलं आहे.

‘रविवारी जेवायला येणार ना?’ ‘बघतो.’ याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. ‘बघतो’मध्ये होकार नाही, नकार नाही आणि वेळही नाही. चॅनलवर लिहिणाऱ्याच्या मनात असतं, ‘मी आत्ता लॉग उघडतोय’. वाचणाऱ्याला मात्र त्यातून कामाला हात लागलाय की लागणार आहे, हे कळत नाही. माझ्या आधीच्या नोकरीत एकदा दोघांनी एका मिनिटाच्या अंतराने ‘बघतो’ लिहिलं. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने सुरुवात केलीय. दहाएक मिनिटं डेटाबेसकडे कुणी फिरकलंच नाही. तेव्हापासून मी या जागी झालेल्या कामाचं क्रियापद वापरते: ‘लॉग उघडलेत’, ‘डेटाबेस मी घेतला’. क्रिया पूर्ण झाली की कर्ता पक्का होतो.

‘कोणीतरी बघा’चंही तेच. आज्ञार्थाला समोर माणूस लागतो. ‘कोणीतरी’ला केलेली आज्ञा कुणालाच लागू होत नाही.

‘SEV2 वाटतंय’ हे सर्वांत महत्त्वाचं. पंच बोट वर करतो, तेव्हा ‘आउट वाटतोय’ असं म्हणत नाही. त्याने म्हटलं की फलंदाज आउट. ‘SEV2 जाहीर करतो’ हेही तसंच आहे: ते बातमी सांगणारं वाक्य नाही, बोलण्यातच काम उरकणारं आहे. ते लिहिलं त्या क्षणापासून कुणाला उठवायचं, ग्राहकांना कधी कळवायचं, हे टीमच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सुरू होतं. म्हणून साधा वर्तमानकाळ आणि प्रथम पुरुष. ‘SEV2 जाहीर करण्यात येत आहे’ असंही काही जण लिहितात. ते सरकारी सूचनेसारखं भारदस्त दिसतं, पण त्यातून जाहीर करणारा गायब होतो आणि चॅनलवरचा पुढचा प्रश्न येतो, ‘कोणी केलं?’

शंका व्यक्त करायची जागा वेगळी आहे: कारण. गंमत अशी की आपण नेमकं उलटं करतो. तीव्रतेला ‘वाटतंय’ जोडतो आणि कारण ठणकावून सांगतो, ‘डेटाबेस गेलाय’. मग सगळे डेटाबेसकडे धावतात आणि बिघाड निघतो बँकेकडे जाणाऱ्या जोडणीत. तीव्रता ठरते ग्राहकाला होणाऱ्या त्रासावरून, आणि तो समोर दिसत असतो. कारण अजून दिसलेलं नसतं. तिथे ‘असावं’, ‘शंका आहे’ हे शब्द बिनधास्त वापरा. दोन पातळ्यांमध्ये अडलात, तर गंभीर असेल ती जाहीर करा. नंतर उतरवता येते.

उरलं ‘बंद आहे’. दुकान बंद आहे म्हणजे मालकाने बंद केलंय की छप्पर कोसळलंय? ‘बंद केलंय’ आणि ‘बंद पडलंय’ यांत भेद करायची सोय मराठीत आहे, ती वापरा. आणि दहापैकी सहा पेमेंट फसत असतील तर ते बंद नाहीच. जे दिसतंय ते आकड्यात लिहा.

आता तीव्रता की गांभीर्य. तीव्रता म्हणजे जोर: वेदनेची, भूकंपाची. इथे मोजायचं आहे ते नुकसान किती मोठं, म्हणून अर्थाने ‘गांभीर्य’ जवळचा (वर मी ‘तीव्रता’ लिहून गेले, कारण रोजच्या बोलण्यात तोच शब्द रुळलाय). ‘प्राधान्य’ मात्र नको. ते P1, P2 मधलं, म्हणजे कोणतं काम आधी घ्यायचं त्याचा क्रम. नुकसान छोटं असून काम तातडीचं असू शकतं. पण मेसेजमध्ये मी SEV2 हेच लिहीन, कारण तक्त्यात आणि शोधात तेच सापडतं. फक्त एक सांभाळा. या आकड्यांत एक हा सर्वांत वाईट. त्यामुळे ‘SEV वाढवला’ म्हटलं की निम्मे लोक तीन समजतात, निम्मे एक. ‘SEV2 चा SEV1 केला’ असं लिहा.

आता इन्सिडन्टमध्ये कोणी काय करायचं ते. या भूमिकांचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे पेटले, तेरा दिवसांत सोळा माणसं गेली. वेगवेगळ्या अग्निशमन दलांची पदनामं वेगळी, सांकेतिक शब्द वेगळे, हुकूम कुणाचा मानायचा ते ठरलेलं नाही. त्यानंतर जी पद्धत बसवली गेली, तिच्यात दोन नियम आले: प्रमुख कोण हे स्पष्ट हवं, आणि सगळ्यांनी सारख्याच, साध्या शब्दांत बोलायचं. ‘इन्सिडन्ट कमांडर’ हे नाव तिथून आलं. त्याला मराठीत ‘घटना-सेनापती’ वगैरे करू नका. आपल्याकडे ‘सूत्रं हाती घेणं’ तयार आहे आणि त्यात हवं ते सगळं आहे: हा माणूस स्वतः दुरुस्तीला बसणार नाही, तो कामं वाटणार. नोंदी ठेवणाऱ्याला ‘नोंदी’ आणि ग्राहकांना कळवणाऱ्याला ‘निरोप’ एवढं पुरतं.

तुमचा मेसेज मी असा लिहीन (नावं उदाहरणापुरती):

```
२०:१४ (IST) SEV2 जाहीर करतो. सूत्रं माझ्याकडे.
दिसतंय: २०:०५ पासून दहापैकी सहा UPI पेमेंट फसतायत.
कार्ड पेमेंट चालू आहेत.
शंका: संध्याकाळचं डिप्लॉय. खात्री नाही.
दुरुस्ती: @मेघना. तू डिप्लॉय तपास.
निरोप: @अनिल सर. तुम्ही सपोर्टला कळवा.
नोंदी: @ओंकार.
तिघांनी ‘घेतलं’ लिहा. पुढचा मेसेज २०:३०.
```

IST लिहिलंय, कारण बऱ्याच डॅशबोर्डवर UTC असते. तिथे ही वेळ १४:४४ दिसेल आणि साडेपाच तास मागचे लॉग कुणीतरी उगाच चाळेल.

अनिल सरांना ‘कळवा’ लिहिलंय, ‘जमेल का कळवायला?’ नाही. वडीलधाऱ्या सहकाऱ्याला हुकूम कसा सोडायचा म्हणून नवखी मुलं इथे अडखळतात आणि आज्ञेचा प्रश्न करतात. ‘तुम्ही’ आणि ‘कळवा’मध्ये मान पुरेसा आहे. प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघावी लागते, आणि उत्तर बहुधा येतं: ‘बघतो.’

तिघांपैकी एकाचं ‘घेतलं’ दोन मिनिटांत आलं नाही, तर त्याला फोन करा. तोही लागला नाही, तर ती भूमिका दुसऱ्याच्या नावावर करा आणि तसं चॅनलवर लिहा: ‘नोंदी आता @सायली. ओंकारकडे नाहीत.’ दुसरं वाक्य गाळू नका. ओंकार पाच मिनिटांनी उगवला आणि त्याला फक्त पहिलं वाक्य दिसलं, तर एकाच घटनेच्या दोन नोंदवह्या तयार होतील.